काडी कुठे बांधायची?

नवे टायर घातले आणि गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. साठच्या वेगापर्यंत काही जाणवायचं नाही, नव्वद ओलांडले की हातांत बारीक कंप सुरू. टायर घातले त्या दुकानात चाकं बॅलन्स केल्याचं बिलावर लिहिलेलं होतं. शेवटी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या कारागिरानं चाक मशिनवर चढवलं, गर्रकन फिरवलं आणि मला पडदा दाखवला. पडद्यावर दोन आकडे होते, एक चाकाच्या बाहेरच्या कडेसाठी, एक आतल्या कडेसाठी. दोन्हीकडे ३० ग्रॅम, पण जागा एकमेकींच्या बरोब्बर समोर.

"साहेब, हे चाक नुसतं टांगून बघितलं तर कुठंही थांबतं," तो म्हणाला. "म्हणून त्यांना तोल बरोबर वाटला. पण फिरवलं की हे डोलतं. आतून-बाहेरून दोन्हीकडं बघावं लागतं."

त्यानं दोन वजनं ठोकली आणि थरथर गेली. तो जे बोलला त्यात यंत्रशास्त्रातला एक अख्खा धडा आहे, आणि तो धडा मला या लेखात नीट उलगडून सांगायचा आहे.

आधी चाकाचंच बघू. बाहेरच्या कडेला वरच्या बाजूस ३० ग्रॅम जास्त भरले आहेत आणि आतल्या कडेला खालच्या बाजूस तेवढेच. वर-खाली वजन सारखं, म्हणून वस्तुमानकेंद्र आसावरच आहे. चाक हातानं कुठेही थांबवा, ते तिथेच राहतं. पण गाडी ताशी १०० किलोमीटरनं धावते तेव्हा साधारण ३० सेंटिमीटर त्रिज्येचं चाक सेकंदाला जवळपास १५ वेळा फिरतं. आसापासून २० सेंटिमीटरवरचे ते ३० ग्रॅम त्या वेगाला आसाला पाच किलो वजनाएवढ्या जोरानं बाहेर ओढतात. बाहेरची ओढ वरच्या दिशेला, आतली खालच्या दिशेला. दोन्ही समान आणि विरुद्ध, पण एका रेषेत नाहीत. त्यामुळे त्या एकमेकींना संपवत नाहीत, आसाला पिळतात. चाक फिरतं तसा हा पीळही फिरतो आणि हातात कंप येतो.

म्हणजे आस वस्तुमानकेंद्रातून जाणं पुरेसं नाही. आसाची दिशाही योग्य हवी. ज्या दिशांभोवती वस्तू बिनतक्रार, आसाला न पिळता फिरते त्या दिशांना प्रमुख अक्ष म्हणतात. टायरवाल्याला आस बदलता येत नाही, म्हणून तो वजनं ठोकून आसालाच प्रमुख अक्ष बनवतो. आपण उलटा प्रश्न घेऊ: वस्तू आहे तशीच ठेवायची आणि तिचे प्रमुख अक्ष शोधायचे.

त्यासाठी एक साधी वस्तू घ्या. ४५ सेंटिमीटर लांबीची ताठ तार, १५ सेंटिमीटरवर काटकोनात वाकवलेली. सुताराच्या गुण्यासारखा आकार झाला: एक हात ३० सेंटिमीटर, दुसरा १५. हिशेबासाठी लांब हात २०० ग्रॅम आणि आखूड हात १०० ग्रॅम धरू. बांधकामावरची १० मिलिमीटरची सळई घेतली तर वजन साधारण एवढंच भरतं. तार हलकी असली तरी अक्षांच्या दिशा त्याच राहतात, कारण सगळे आकडे एकाच पटीत लहान होतात.

गुण्या टेबलावर असा ठेवा की लांब हात उभा, आखूड हात उजवीकडे आडवा आणि कोपरा खाली डावीकडे. आडव्या दिशेला x म्हणू, उभ्या दिशेला y. वस्तुमानकेंद्र काढणं सोपं आहे. लांब हाताचा मध्य कोपऱ्यापासून १५ सेंटिमीटर वर, आखूड हाताचा मध्य साडेसात सेंटिमीटर उजवीकडे. वजनं दोनास एक. म्हणून केंद्र कोपऱ्यापासून अडीच सेंटिमीटर उजवीकडे आणि १० सेंटिमीटर वर येतं. ते तारेवर नाही, दोन हातांमधल्या मोकळ्या जागेत आहे.

आता या केंद्रातून जाणाऱ्या कोणत्या रेषेवर बांबूची काडी बांधली तर गुण्या शांतपणे फिरेल?

सरळ रेषेतल्या हालचालीत हा प्रश्न पडतच नाही. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि वस्तुमान हा एकच आकडा असल्यामुळे संवेगाची दिशा नेहमी वेगाचीच असते. फिरण्यात तसं होत नाही. काडी ज्या दिशेला आहे ती कोनीय वेगाची दिशा, पण कोनीय संवेग तिच्याशी तिरपा असू शकतो. वेगाचा बाण आत घालून संवेगाचा बाण बाहेर काढायला एक आकडा पुरत नाही, आकड्यांची चौकट लागते. तीन ओळी, तीन रकाने. हीच जडत्वाची मॅट्रिक्स.

तिच्या कर्णावरचे तीन आकडे ओळखीचे असतात. x, y आणि z या दिशांच्या अक्षांभोवती वस्तू फिरवायला किती जड जाते, म्हणजे अकरावी-बारावीत शिकलेलं जडत्व आघूर्ण. प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग, आणि त्या सगळ्यांची बेरीज. कर्णाबाहेरचे आकडे मात्र वेगळं काही सांगतात. प्रत्येक कणासाठी वस्तुमान गुणिले x गुणिले y काढायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि चिन्ह उलटं करायचं. केंद्रापासून उजवीकडे-वर किंवा डावीकडे-खाली असलेले कण या बेरजेत अधिक भरतात, उजवीकडे-खाली आणि डावीकडे-वर असलेले वजा. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या तर उत्तर शून्य. शून्य नसेल तर वस्तू तिरपी लादलेली आहे. टायरवाल्याच्या पडद्यावरचे ते समोरासमोरचे दोन ३० याच आकड्याचं दुसरं रूप होतं.

गुण्याचा हिशेब करू. केंद्रातून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती: लांब हात स्वतःच्या मध्याभोवती २०० गुणिले ३० चा वर्ग भागिले १२, म्हणजे १५,०००. त्याचा मध्य आपल्या केंद्राच्या पाच सेंटिमीटर वर आहे, म्हणून आणखी २०० गुणिले २५, म्हणजे ५,०००. आखूड हात सबंध १० सेंटिमीटर खाली, म्हणून १०० गुणिले १००, म्हणजे १०,०००. एकूण ३०,००० ग्रॅम-सेंटिमीटर वर्ग. उभ्या अक्षाभोवती याच रीतीनं ५,६२५ येतात. आता तिरपेपणा. लांब हाताचा मध्य केंद्राच्या अडीच सेंटिमीटर डावीकडे आणि पाच वर: २०० गुणिले उणे २.५ गुणिले ५, म्हणजे उणे २,५००. आखूड हाताचा मध्य पाच उजवीकडे आणि १० खाली: उणे ५,०००. बेरीज उणे ७,५००, चिन्ह उलटं केलं की अधिक ७,५००. गुण्या सपाट असल्यामुळे टेबलाला लंब असलेल्या z अक्षाभोवतीचा आकडा पहिल्या दोघांची बेरीज, ३५,६२५. याच कारणानं z शी जोडलेले तिरपे आकडे शून्य.

हे सगळे आकडे १,८७५ नं नि:शेष भागले जातात. भागून लिहिलं की चौकट अशी दिसते:

```
१६    ४    ०
 ४    ३    ०
 ०    ०   १९
```

ही चौकट वाचता येते. दुसरा रकाना घ्या: ४, ३, ०. त्याचा अर्थ असा की गुण्या केंद्रातून जाणाऱ्या उभ्या अक्षाभोवती, म्हणजे लांब हाताला समांतर, एक एकक वेगानं फिरवला तर कोनीय संवेगाचा उभा भाग ३ असतो आणि आडवा भाग ४. आडवा भाग मोठा! आपण फिरवतोय उभ्या रेषेभोवती आणि संवेगाचा बाण तिच्यापासून ५३ अंश कलला आहे. शिवाय तो बाण गुण्याबरोबर फिरतो आणि एक शंकू आखत जातो. बाणाची दिशा सतत बदलायची तर कुणीतरी सतत टॉर्क द्यायला हवा. तो काडीची टोकं धरणारे हात देतात, आणि त्यालाच आपण डोलणं म्हणतो.

तिसऱ्या रकान्यात फक्त १९ आहे. टेबलाला लंब अक्षाभोवती संवेग त्याच अक्षाच्या दिशेला राहतो. एक प्रमुख अक्ष हिशेब न करताच मिळाला. वस्तूला आरशासारखं सममितीचं प्रतल असलं की त्याला लंब असलेला केंद्रातला अक्ष नेहमीच प्रमुख असतो.

उरलेले दोन गुण्याच्या प्रतलातच आहेत. ते शोधायचे म्हणजे असा बाण शोधायचा की जो चौकटीतून गेल्यावर लांब किंवा आखूड होईल, पण वळणार नाही. गणितात अशा बाणाला आयगनव्हेक्टर म्हणतात आणि तो कितीपट लांबला त्या आकड्याला आयगनव्हॅल्यू. पुस्तकात यासाठी वर्गसमीकरण मांडतात. मला मात्र दुसरी वाट जास्त आवडते, कारण तिच्यात बाण आपली जागा घेताना डोळ्यांना दिसतो.

कोणताही बाण घ्या, समजा आडवा: (१, ०). चौकटीतून काढा. पहिला रकानाच मिळेल: (१६, ४). तो थोडा वर उचलला गेला, चढ ४ भागिले १६, म्हणजे ०.२५. हाच बाण पुन्हा चौकटीत घाला. १६ गुणिले १६ अधिक ४ गुणिले ४, म्हणजे २७२, आणि ४ गुणिले १६ अधिक ३ गुणिले ४, म्हणजे ७६. चढ ०.२७९. तिसऱ्यांदा घाला: ४,६५६ आणि १,३१६. चढ ०.२८३. आता पडताळा बघा. (१, ०.२८३) हा बाण चौकटीत घातला तर (१७.१३, ४.८५) बाहेर येतो, आणि त्याचा चढही ०.२८३ च. बाण वळायचा थांबला, नुसता १७.१३ पट लांबला. हा दुसरा प्रमुख अक्ष. आडव्या रेषेपासून १५.८ अंश वर, आणि त्याच्याभोवतीचं जडत्व १७.१३ एकक.

तिसरा याला काटकोनात. जडत्वाची मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते, आणि अशा चौकटीचे वेगवेगळ्या आयगनव्हॅल्यूंचे अक्ष एकमेकांना लंबच असतात. म्हणून (−०.२८३, १). चौकटीतून काढला तर (−०.५२८, १.८६८) मिळतो. दिशा तीच, ताण फक्त १.८७. उभ्या रेषेपासून १५.८ अंश कललेला हा अक्ष. १७.१३ आणि १.८७ यांची बेरीज १९, आणि चौकटीच्या कर्णावरचे १६ व ३ यांचीही १९. अक्ष कसेही वळवले तरी ही बेरीज बदलत नाही, म्हणून हिशेब चुकला की नाही हे चटकन कळतं.

आता हे आकडे तारेवर उतरवू. कमी जडत्वाची ती तिरपी रेषा केंद्रातून ओढली तर लांब हाताला कोपऱ्यापासून १८.८ सेंटिमीटरवर छेदते आणि आखूड हाताला ५.३ सेंटिमीटरवर. दोन्ही हातांवर खूण करा, बांबूची बारीक गोल काडी त्या दोन खुणांवर ठेवा आणि दोऱ्यानं घट्ट बांधा. ताकाची रवी फिरवतो तशी ती काडी दोन तळव्यांत घोळवा. गुण्या वेडावाकडा दिसतो, एका बाजूला लांब शेपूट, दुसऱ्या बाजूला आखूड, आणि तरी काडी हातात स्थिर राहते.

मग काडी सोडवा आणि दुसरीकडे बांधा: लांब हातावर कोपऱ्यापासून १२ सेंटिमीटर आणि आखूड हाताचं अगदी टोक. ही रेषासुद्धा केंद्रातूनच जाते. आडवी धरून सोडली तर गुण्या कुठेही थांबतो, तोल चोख. पण घोळवायला लागलात की काडी तळव्यांना हिसके देते. ३०० ग्रॅमचा गुण्या सेकंदाला पाच फेऱ्यांनी फिरला आणि काडीचे आधार ३० सेंटिमीटर अंतरावर असले, तर प्रत्येक आधाराला सुमारे ४५० ग्रॅमची फिरती ओढ बसते, म्हणजे गुण्याच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट. म्हणूनच हा प्रयोग हलक्या तारेनं आणि हातानंच करावा. सळई ड्रिल मशिनला लावून फिरवायचा मोह अजिबात करू नये.

आयगनव्हेक्टरचा भौतिक अर्थ तो एवढाच: जिथे काडी बांधली तर हिसके बसत नाहीत ती दिशा. आयगनव्हॅल्यू म्हणजे त्या काडीभोवती गुण्या किती जड वाटेल तो आकडा. १.८७ ची काडी सगळ्यांत हलकी, कारण वस्तुमान शक्य तितकं तिच्याजवळ गोळा झालेलं आहे. केंद्रातून जाणारी दुसरी कोणतीही रेषा घ्या, जडत्व यापेक्षा जास्तच भरेल. आणि १९ पेक्षा जास्त कुठेच भरणार नाही.

१७५५ मध्ये जर्मनीत शिकवणाऱ्या योहान सेग्नर यांनी भोवऱ्यांवरच्या पुस्तिकेत दाखवलं की वस्तू कितीही ओबडधोबड असो, तिला असे एकमेकांना लंब असलेले तीन अक्ष असतातच. ऑयलर यांनी त्यावर दृढ वस्तूच्या गतीची सगळी मांडणी उभी केली आणि १७६५ च्या ग्रंथात ती सविस्तर दिली. दगड, खुर्ची, मोडकी छत्री, काहीही घ्या, तीन काड्या मिळणारच. मला या विषयातली ही सगळ्यांत विलक्षण गोष्ट वाटते.

हिशेबात चुका कुठे होतात तेही सांगायला हवं, कारण त्या चुका आकड्यांत लपून बसतात.

पहिली, मूळबिंदू. आपण अंतरं केंद्रापासून मोजली. तीच कोपऱ्यापासून मोजली तर? लांब हातावर सगळीकडे x शून्य, आखूड हातावर सगळीकडे y शून्य, म्हणून x गुणिले y ची बेरीजही शून्य. चौकट आपोआप कर्णावर येते आणि गुण्याचे दोन हातच प्रमुख अक्ष निघतात. हे उत्तर चूक नाही, पण ते कोपऱ्यासाठीचं आहे. लांब हातालाच आस मानून गुण्या फिरवलात तर पीळ खरोखरच नसतो. मात्र आखूड हात कोपऱ्याला बाहेर ओढत राहतो, कारण केंद्र आसापासून अडीच सेंटिमीटर दूर आहे. शांत फिरण्यासाठी दोन्ही अटी लागतात: आस केंद्रातून जायला हवा, आणि त्याची दिशा केंद्रापाशी काढलेल्या प्रमुख अक्षाची हवी. हवेत मोकळी फेकलेली वस्तू तर केंद्राभोवतीच फिरते, म्हणून तिच्यासाठी कोपऱ्याची चौकट कामाची नाही.

दुसरी, चिन्ह. तिरप्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं असं आपण ठरवलं, पण सगळेच तसं लिहीत नाहीत. काही डिझाइन सॉफ्टवेअर नुसती बेरीज छापतात, काही चिन्ह बदलून छापतात. आकडा जसाच्या तसा उचलून चौकटीत घातला आणि चिन्ह चुकलं तरी १७.१३ आणि १.८७ हे बरोबरच येतात. अक्ष मात्र विरुद्ध बाजूला १५.८ अंश झुकतो. आकडे बघून ही चूक कळणार नाही, चित्र बघून कळेल. चुकीची रेषा केंद्रातून ओढली तर ती आखूड हाताला छेदतच नाही, कोपऱ्याच्या डावीकडून बाहेर निसटते. सगळ्यांत कमी जडत्वाचा अक्ष वस्तुमानाला धरून जायला हवा. तो वस्तुमानापासून दूर पळत असेल तर चिन्ह तपासा.

तिसरी चूक संगणकावर होते. तेच काम पायथॉनमध्ये असं करतात:

```python
import numpy as np
I = np.array([[16, 4, 0],
              [4, 3, 0],
              [0, 0, 19]])
w, v = np.linalg.eigh(I)
print(w)
print(v)
```

`w` मध्ये १.८७, १७.१३ आणि १९ चढत्या क्रमानं मिळतात. `v` मध्ये प्रत्येक अक्ष उभ्या रकान्यात असतो, आणि सवयीनं आडवी ओळ वाचली की दिशा चुकते. एखादा बाण पूर्ण उलट्या दिशेनं छापला गेला तर घाबरू नये. काडीला वर-खाली टोक नसतं, (१, ०.२८३) आणि (−१, −०.२८३) ही एकच काडी.

दोन आयगनव्हॅल्यू सारख्या निघाल्या तर गोष्ट वेगळी. चौरस पत्र्याचं बघा. त्याच्या प्रतलात केंद्रातून जाणाऱ्या कोणत्याही रेषेभोवती जडत्व तेवढंच असतं, म्हणून प्रत्येक रेषा प्रमुख अक्ष आहे. संगणक तरीही त्यातल्या दोन निवडून छापतो. त्या दोघींत विशेष काही नाही. आकडे सारखे नसून अगदी जवळजवळ असतील तेव्हाही मोजमापातल्या छोट्या चुकीनं दिशा बरीच फिरते, आणि अशा दिशेवर विसंबून काही बसवू नये.

आता काडी काढून टाकू आणि वस्तू हवेत मोकळी सोडू. तिन्ही प्रमुख अक्षांभोवती ती न डोलता फिरू शकते, निदान कागदावर. प्रत्यक्षात तिन्ही सारखे नाहीत. एक जाड पुस्तक घ्या, पानं उघडू नयेत म्हणून रबर लावा. पाठीच्या कण्याला समांतर अक्षाभोवती फिरवून उडवा, नीट फिरतं. मुखपृष्ठाला लंब अक्षाभोवती फिरवा, तरीही नीट. तिसऱ्या, मधल्या जडत्वाच्या अक्षाभोवती फिरवा, म्हणजे मुखपृष्ठ तुमच्याकडे धरून वरची कड पुढे ढकलत कोलांटी द्या. कितीही हलक्या हातानं उडवलं तरी पुस्तक मध्येच कूस बदलतं आणि हातात उलटं येतं. आपल्या गुण्याचा मधला अक्ष १७.१३ चा. त्याच्याभोवती मोकळा फिरवला तर सुरुवातीची बारीकशी चूक एका फेरीतच शंभरपटीहून जास्त वाढते. अर्ध्या अंशाची चूक हातून नेहमीच होते, म्हणून गुण्या एक फेरीसुद्धा सरळ पुरी करत नाही. १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव्ह यांनी साल्युत ७ वर एक पंखांची चाकी फिरवून मळसूत्रावरून काढली, तेव्हा ती तरंगत पुढे जाता जाता ठरावीक अंतरानं आपोआप उलटत राहिली. तीही मधल्याच अक्षाभोवती फिरत होती.

म्हणजे उरले दोन, सगळ्यांत कमी जडत्वाचा आणि सगळ्यांत जास्त जडत्वाचा. दृढ वस्तूसाठी दोन्ही स्थिर. पण पूर्ण दृढ असं जगात काही नसतं, आणि हे अमेरिकेच्या पहिल्याच उपग्रहानं दाखवून दिलं. एक्स्प्लोरर १ हा दोन मीटर लांब आणि साधारण १५ सेंटिमीटर जाडीचा दांडका होता. ३१ जानेवारी १९५८ ला तो सोडला तेव्हा पेन्सिल लांबीभोवती फिरवावी तसा, म्हणजे सगळ्यांत कमी जडत्वाच्या अक्षाभोवती, वेगानं फिरत होता. त्याला चार लवचीक तारांचे अँटेना होते. त्या तारा वाकत-सरळ होत राहिल्या आणि वाकण्यात थोडी थोडी ऊर्जा उष्णता बनून गेली. कोनीय संवेग मात्र कुठे जाऊ शकत नव्हता, कारण बाहेरून टॉर्क नव्हता. संवेग तेवढाच ठेवून फिरण्याची ऊर्जा कमी करायची तर एकच मार्ग असतो, जास्त जडत्वाच्या अक्षाकडे सरकायचं. सोडल्यावर थोड्याच वेळात एक्स्प्लोरर दांडपट्ट्यासारखा एका टोकावरून दुसऱ्या टोकावर कोलांट्या घेऊ लागला. तेव्हापासून नुसत्या गिरकीवर स्थिर ठेवायचा उपग्रह शक्यतो बुटका आणि रुंद बांधतात, म्हणजे गिरकीचा अक्ष सगळ्यांत जास्त जडत्वाचाच राहतो.

हा हिशेब एकदा स्वतः करून पाहा. माझी ३० आणि १५ ची मापं घेऊ नका, तुमच्या तारेला हवा तिथे काटकोन द्या. केंद्र काढा, चार आकडे मांडा, एक बाण तीन-चारदा चौकटीतून फिरवा, आणि केंद्रातून जाणारी रेषा दोन्ही हातांवर कुठे येते ते मोजून खूण करा. मग काडी त्या खुणांवर बांधा आणि दोन तळव्यांत घोळवा.